घड्याळावरचा डाग आणि डीएनएचे पट्टे

१९८७च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका स्त्रीचा आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलीचा खून झाला. संशय कॅस्ट्रो नावाच्या माणसावर गेला. त्याच्या मनगटी घड्याळावर रक्ताचा एक छोटा डाग होता. रक्त आपलंच आहे, असं तो म्हणाला. लाइफकोड्स या खासगी प्रयोगशाळेने डागातला डीएनए तपासला आणि तो मृत स्त्रीशी जुळतो असा निष्कर्ष दिला. असा योगायोग दहा कोटींत एखाद्याच्या बाबतीत घडेल, असंही अहवालात म्हटलं होतं. त्या काळात डीएनएच्या अहवालाला कोर्टात सहसा कुणी हरकत घेत नसे. या खटल्यात घेतली गेली, आणि हरकतीत तथ्य निघालं. का, ते समजायला अहवालामागची पद्धत पाहावी लागते.

ही पद्धत एडविन सदर्न यांनी एडिंबरा इथे शोधली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. डीएनएच्या साखळीत ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच कापणारी विकरं असतात. आधी त्यांनी डीएनएचे तुकडे करायचे, मग ते तुकडे जेलीसारख्या पातळ थरात विजेच्या दाबाखाली सरकवायचे. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. मग अल्कलीत भिजवून डीएनएचे दोन्ही धागे सुटे करायचे.

यापुढची पायरी सदर्न यांची खरी कल्पकता. खाली मिठाच्या तीव्र द्रावणाचं ताट ठेवायचं, त्यावर जेल, जेलवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पडदा, त्यावर टिपकागदाची आणि कागदी रुमालांची चवड, आणि सगळ्यात वर एक वजन. कोरडे कागद द्रावण वर शोषून घेतात, आणि त्या ओढीबरोबर डीएनए जेलमधून निघून पडद्याला चिकटतो. जेलमध्ये तुकडा जिथे होता, पडद्यावरही तिथेच उमटतो. हे काम रात्रभर चालतं. मग किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला डीएनएचा एक छोटा तुकडा, म्हणजे प्रोब, पडद्यावर सोडायचा. जिथे जोडीचा क्रम सापडेल तिथे तो बसतो. उरलेला धुऊन काढायचा आणि पडदा एक्स-रे फिल्मला चिकटवून ठेवायचा. काही दिवसांनी फिल्मवर काळे पट्टे दिसतात.

माणसं ओळखायला याचा उपयोग होतो, हे १९८४ मध्ये लेस्टरच्या अॅलेक जेफ्रीज यांच्या लक्षात आलं. आपल्या डीएनएत काही ठिकाणी एकच लहान क्रम अनेकदा लागोपाठ येतो. किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलतं. त्यामुळे तुकड्याची लांबी बदलते आणि फिल्मवरचा पट्टा वेगळ्या जागी येतो. प्रत्येकाला अशा जागेची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते, म्हणून एका जागेचे बहुधा दोन पट्टे दिसतात.

पण पट्ट्याची लांबी मोजावी लागते, आणि मोजमाप म्हटलं की चूक आली. समजा एक तुकडा दहा हजार अक्षरांचा आहे आणि मोजमापात अडीच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे अडीचशे अक्षरांची सवलत द्यावी लागली. पुनरावृत्ती तीस अक्षरांची असेल, तर त्या सवलतीत आठ पुनरावृत्तींचा फरक लपून जातो. दूरवरून आगगाडीची लांबी नजरेने ताडावी आणि डबे किती ते सांगावं, तसा हा प्रकार. शिवाय एका रांगेत क्षार जास्त असले किंवा डीएनएचं प्रमाण वेगळं असलं, की त्या रांगेतले सगळे पट्टे थोडे पुढेमागे सरकतात.

कॅस्ट्रो खटल्यात नेमकं इथेच बोट ठेवलं गेलं. बचाव पक्षातर्फे गणितज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ एरिक लँडर यांनी फिल्म तपासल्या. एका प्रोबला मृत स्त्रीच्या रांगेत तीन पट्टे होते, घड्याळाच्या रांगेत पाच. प्रयोगशाळेने जादाचे दोन पट्टे बाहेरच्या डीएनएचे ठरवून सोडून दिले होते. आणखी एका ठिकाणी लांब्यांमधला फरक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या नियमाबाहेर जात होता, तरी ‘नजरेला जुळतात’ म्हणून जुळणी मान्य केली होती. मग असा प्रकार घडला जो कोर्टात क्वचितच दिसतो: दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ वकिलांना वगळून एकत्र बसले आणि हा पुरावा भरवशाचा नाही असं संयुक्त निवेदन त्यांनी दिलं. १९८९च्या ऑगस्टमध्ये निकाल आला. रक्त कॅस्ट्रोचं नाही, एवढं डीएनएवरून सांगता येईल. ते मृत स्त्रीचं आहे, हे सांगता येणार नाही. पुढे कॅस्ट्रोने गुन्हा कबूल केला आणि रक्त तिचंच होतं हेही सांगितलं. पण उत्तर बरोबर निघालं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. मला तरी न्यायाधीशांचा निर्णय आजही योग्य वाटतो.

पुढे या पद्धतीची जागा आखूड पुनरावृत्तींनी घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एसटीआर म्हणतात. इथला क्रम बहुधा चारच अक्षरांचा आणि पूर्ण तुकडा शे-चारशे अक्षरांचा असतो. अकराव्या गुणसूत्रावरच्या टीएच-०१ या जागी ए-ए-टी-जी हा क्रम साधारण पाच ते दहा वेळा येतो. पीसीआरने नेमका तेवढाच भाग कोट्यवधी पटींनी वाढवतात, त्याला चमकणारा रंग जोडतात आणि केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. लेझरपुढून तुकडा गेला की पडद्यावर शिखर उमटतं. शेजारी ज्ञात लांब्यांची शिडी चालवलेली असते, तिच्याशी ताडून आकडा ठरतो. म्हणजे आता लांबी अंदाजायची नाही, पुनरावृत्ती मोजायच्या. अपवाद आहेत: टीएच-०१ मध्ये ‘९.३’ हे रूप पुष्कळ आढळतं. त्यात नऊ पूर्ण क्रम आणि तीन अक्षरांचा एक अपुरा क्रम असतो, म्हणजे दहापेक्षा एकच अक्षर कमी. यंत्राला एका अक्षराचा फरक ओळखता आलाच पाहिजे, तो का हे यावरून कळतं.

डागात ६ आणि ९.३ आले आणि संशयिताचे ७ आणि ९ असले, तर तो माणूस सुटला. संशयिताचेही ६ आणि ९.३ असले, तर हे किती दुर्मिळ ते पाहायचं. समजा त्या समाजात ६ चं प्रमाण ०.२ आणि ९.३ चं ०.३ आहे. दोन्हींचा गुणाकार, आणि कोणता आईकडून व कोणता वडिलांकडून हे उलटसुलट होऊ शकतं म्हणून दुप्पट: ०.१२. आठांपैकी एकाशी जुळेल, यात काहीच विशेष नाही. पण अमेरिकेत २०१७ पासून नोंदसंग्रहासाठी अशा वीस जागा तपासतात, आणि वीस जागांचा गुणाकार इतका लहान होतो की रक्ताचं नातं नसलेला दुसरा माणूस जुळणं जवळपास अशक्य. सख्ख्या भावांना हा हिशेब लागू होत नाही, कारण त्यांचे आकडे बरेचदा सारखे असतात. एकरूप जुळ्यांना तर ही तपासणी वेगळं करूच शकत नाही.

नमुनाही थोडा पुरतो. सदर्नच्या पद्धतीला बऱ्यापैकी धडधाकट, लांब डीएनए लागे. एसटीआरला एक नॅनोग्रॅम, म्हणजे साधारण दीडशे पेशींइतका डीएनए बस्स होतो, आणि तुकडे आखूड असल्याने जुन्या, कुजलेल्या नमुन्यातूनही काम भागतं.

नव्या अडचणी मात्र इथूनच सुरू होतात. पेशी फारच कमी असल्या, तर दोनपैकी एक रूप वाढतच नाही, आणि ६ व ९.३ असलेला माणूस नुसता ६ दिसतो. शिवाय पीसीआर करताना विकर कधीकधी एक क्रम चुकवतं, म्हणून खऱ्या शिखराच्या डावीकडे, एक पुनरावृत्ती कमी असलेल्या जागी, एक बुटकं शिखर उगवतं. ते बहुधा खऱ्याच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आतच असतं, त्यामुळे एकाच माणसाच्या नमुन्यात ओळखू येतं. दोघांचं रक्त मिसळलं असेल आणि दुसऱ्याचा वाटा दहावा हिस्सा असेल, तर त्याचं खरं शिखर आणि पहिल्याचं खोटं शिखर एकाच उंचीची. तिथे दोन जाणकार तज्ज्ञ वेगवेगळी मतं देऊ शकतात. म्हणून काटेकोर प्रयोगशाळेत कोणतं शिखर धरायचं आणि कोणतं सोडायचं, हे डागाच्या आलेखावरच लिहून ठेवतात. संशयिताचे आकडे त्यानंतरच उघडतात.