स्टेरॉइडचे पहिले सहा महिने

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, हे बऱ्याच जणांच्या कानावर आलेले असते. पण ही झीज दहा-पंधरा वर्षांत सावकाश होणारी, तेव्हा तिची काळजी नंतर करू, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हाड मोडण्याचा धोका रोजची गोळी सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांतच वाढतो. डेक्सा तपासणीत हाडांची घनता फारशी उतरलेली दिसत नाही, तेव्हाही तो वाढलेला असतो. रिपोर्टवरचा आकडा बरा आणि मणका मात्र दबलेला, असे रुग्ण सांधेतज्ज्ञांना नवे नाहीत.

याची चाहूल स्टेरॉइड औषध म्हणून हाती येण्यापूर्वीच लागली होती. १९३२ साली अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी एका आजाराचे वर्णन केले. आता आपल्याला माहीत आहे की, या रुग्णांच्या शरीरात कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर तयार होत असते. त्यांचे चेहरे गोल झालेले, पाठी वाकलेल्या आणि हाडे पोकळलेली होती. पुढे १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका रुग्णाला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच औषधाने हाडांचे काय होते, हे मात्र पुढच्या वर्षांत रुग्णांच्या अंगावर दिसत गेले.

हाड ही थिजलेली वस्तू नाही. त्यात जागोजागी दुरुस्ती चालूच असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खणून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तो खड्डा नव्या हाडाने भरतात. एखादा खड्डा खणायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. रस्ता खोदणारी टोळी झपाट्याने पुढे जावी आणि डांबर टाकणारी मागून रेंगाळत यावी, तसाच हा कारभार असतो. निरोगी माणसात दोघींचा मेळ बसतो. स्टेरॉइड तो दोन्ही बाजूंनी बिघडवते.

सुरुवातीच्या महिन्यांत खणणाऱ्या पेशी जास्त दिवस जगतात, म्हणून घट वेगाने होते. त्याच वेळी भरणाऱ्या पेशी मरू लागतात आणि त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी घडायच्या, त्यांतल्या बऱ्याच स्टेरॉइडच्या प्रभावाखाली चरबीच्या पेशी होतात. काही महिन्यांनी खणण्याचा वेग ओसरतो, पण भरणे मंदावलेलेच राहते. म्हणून पुढच्या वर्षांत झीज कमी वेगाने का होईना, चालूच राहते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. हाडाच्या आत खोलवर, बारीक नळ्यांच्या जाळ्यात अडकल्यासारख्या पेशी असतात. कुठे ताण आला, कुठे सूक्ष्म तडा गेला, हे त्या ओळखतात आणि दुरुस्तीला बोलावणे धाडतात. स्टेरॉइडमुळे याही पेशी मरतात. तडे तसेच राहतात आणि साठत जातात. डेक्साचे यंत्र क्ष-किरणांनी खनिजाचे प्रमाण मोजते. हे तडे त्याला दिसत नाहीत. घनतेचा आकडा तोच असला, तरी स्टेरॉइड घेणाऱ्याचे हाड दुसऱ्यापेक्षा आधी मोडते, याचे एक मोठे कारण हे आहे.

सगळ्यात आधी मार बसतो तो जाळीदार हाडाला, म्हणजे मणके आणि बरगड्यांना. जाळीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे खणायलाही जागा जास्त. खुब्याच्या घट्ट हाडाला उशिरा झळ लागते. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीतून जास्त निघून जाते आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, पडण्याची भीती वाढते, आणि पडल्यावर वाचवायला हाडही कमकुवत असते.

किती मात्रा म्हणजे जास्त? ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे २ लाख ४० हजारांहून अधिक लोक होते. रोज २.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांतही मणका मोडण्याचा धोका सुमारे दीडपट निघाला. २.५ ते ७.५ मिलिग्रॅमच्या गटात तो अडीचपटीहून जास्त होता आणि ७.५ किंवा त्याहून अधिक मात्रेला पाचपट. औषध बंद केल्यावर धोका बऱ्यापैकी लवकर उतरू लागतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

आपल्याकडे अडचण अशी की, रुग्णाला स्वतःची मात्राच ठाऊक नसते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. नाव बदलले की आकडा बदलतो, जोर तोच राहतो. डेफ्लाझाकॉर्ट हाडांना सौम्य असल्याचे सांगितले जाते, पण त्या भरवशावर हाडांची काळजी सोडून देण्याइतका भक्कम पुरावा नाही. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचे काय? दोन दिवसांत दुखणे गायब, भूक वाढलेली, महिन्याभरात चेहरा गोल, असे झाले तर पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी आणि पुडी डॉक्टरांना दाखवावी. दम्याचा पंप मात्र या भीतीने बंद करू नये. त्यातून शरीरात जाणारे औषध गोळीच्या मानाने फार थोडे असते.

आता एक कल्पित, पण दवाखान्यात रोज भेटावी अशी रुग्ण घेऊ. वय ५८, वजन ४६ किलो, पाळी ४४ व्या वर्षी गेलेली. आमवातासाठी आठ महिने डेफ्लाझाकॉर्टची ६ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. चिठ्ठी तीन महिन्यांची होती. पुढच्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणल्या. रोजचे १२ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात १० मिलिग्रॅम. डेक्सामध्ये कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणजे रिपोर्टप्रमाणे ही फक्त ‘सुरुवात’. काकूंना सांगितले गेले, कॅल्शियम घ्या.

पुढचे गणित फ्रॅक्सने करतात. वय, वजन, उंची, आधीचे फ्रॅक्चर, स्टेरॉइड वगैरे माहिती भरली की, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. वय चाळिशीच्या आत असेल तर ते वापरता येत नाही. त्यात एक मोठी खोच आहे. फ्रॅक्स स्टेरॉइडबद्दल फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढेच विचारते आणि मधली मात्रा गृहीत धरते. रोज ७.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालू असेल, तर मोठ्या फ्रॅक्चरचा आकडा १५ टक्क्यांनी आणि खुब्याचा २० टक्क्यांनी वाढवून वाचायचा. समजा, काकूंचा खुब्याचा आकडा २.६ टक्के आला. वाढवून तो ३.१ होतो. अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात ३ टक्क्यांपासून जास्त धोक्याचा गट सुरू होतो. एका गुणाकाराने काकूंचा गट बदलला.

खरा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही: उंची कमी झाली का? काकूंची नोंदलेली जुनी उंची १५२ सेंटिमीटर, आता भिंतीला टेकवून मोजली तर १४८. पाठ दुखते, पण ती ‘गॅप’ची म्हणून पट्टा बांधला होता. पाठीचा बाजूने एक्स-रे काढला, तेव्हा छातीचा शेवटचा मणका पुढून पाचरीसारखा दबलेला दिसला. मणक्याची निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर अशीच बोभाटा न करता होतात. पडणे नाही, कडकन आवाज नाही. असा मणका सापडला की टी-स्कोअर आणि फ्रॅक्स दोन्ही मागे पडतात. रुग्ण अतिधोक्याच्या गटात जातो. हाच एक्स-रे आणि उंचीची नोंद पहिल्या चिठ्ठीसोबत झाली असती, तर मणका आधीचा की गोळ्यांनंतरचा, हेही आज सांगता आले असते. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक घेणार असलेल्या प्रत्येकाच्या हाडांचा हिशेब पहिल्या सहा महिन्यांत मांडावा, असे तेच मार्गदर्शन सांगते.

उपचारात पहिले पाऊल हाडाच्या औषधाचे नसून स्टेरॉइडचे आहे. काकूंचा आमवात मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाने आटोक्यात आणून डेफ्लाझाकॉर्टची मात्रा उतरवायची. एकदम मात्र बंद करायचे नाही. आठ महिन्यांत काकूंच्या स्वतःच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. गोळी तडकाफडकी सोडली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. शिवाय आमवात भडकला, तर ती सूजही हाड खाते.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागते, पण ते आहार धरून. दोन पेले दूध आणि नाचणीची भाकरी यांतून निम्म्याहून अधिक भागते. उरलेले गोळीने भरावे. ड जीवनसत्त्व रोज ६०० ते ८०० युनिट पुरते, मुळात कमतरता असेल तर आधी ती भरून काढावी लागते. ६० हजार युनिटची आठवड्याची पुडी काही आठवड्यांसाठी असते. ती वर्षानुवर्षे चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत; त्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

काकूंच्या धोक्याला मात्र हे पुरेसे नाही. झीज थांबवणाऱ्या औषधांत अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेतात: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे न होता. चहाबरोबर घेतली तर ती जवळजवळ वाया जाते आणि आडवे पडल्यास अन्ननलिका भाजते. ते जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देतात, पण आधी मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासून. दातांची मोठी कामेही आधी उरकावीत, कारण क्वचित जबड्याचे हाड बरे होत नाही. सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या डेनोसुमॅबची वेगळीच अट आहे. पुढचे इंजेक्शन चुकले की झीज उसळी घेते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. तारीख पाळण्याची खात्री नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

मणका आधीच मोडलेला असल्याने काकूंसाठी पहिली पसंती टेरिपॅराटाइडला. स्टेरॉइडने जे काम बंद पाडले, तेच म्हणजे नवे हाड बांधणे, हे औषध सुरू करते. रोज स्वतः टोचून घ्यायचे २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि खर्च अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या कितीतरी पट. परवडत नसेल तर अ‍ॅलेन्ड्रोनेट लगेच सुरू करणे हे काहीच न करण्यापेक्षा फार चांगले. परवडले, तर दीड-दोन वर्षांचा कोर्स संपताच झीज थांबवणारे औषध जोडावे लागते, नाहीतर बांधलेले नवे हाड पुढच्या वर्षभरात पुन्हा निसटू लागते.