फिटेपर्यंत ती उचलच

ऑगस्टच्या पगाराची चिठ्ठी घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याने एका ओळीवर पेनाने गोल केला होता. ‘विक्री कमिशन: उणे 9,440’. पुण्यातली छोटी कंपनी, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलाचं सॉफ्टवेअर विकणारी. तो तिचा विक्री प्रतिनिधी आणि मी महिन्यातून चार दिवस हिशेब पाहायला जाणारा. “सर, एप्रिलमध्ये दिलेलं ऑगस्टमध्ये परत कसं काय घेता? विक्री तर मी केलीच होती ना?” (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, प्रसंग तसाच आहे.)

एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्याने एका दवाखान्याला वर्षभराचं सॉफ्टवेअर विकलं होतं. किंमत 1,20,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. डॉक्टरांनी वर्षाचे सगळे पैसे एकदम भरले आणि त्याला 10 टक्क्यांनी 12,000 रुपये कमिशन एप्रिलच्या पगाराबरोबर मिळालं. जुलैअखेर डॉक्टरांनी करार रद्द केला. करारात उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करण्याची अट होती, म्हणून कंपनीने आठ महिन्यांचे 80,000 आणि त्यावरचा 14,400 रुपये जीएसटी, असे 94,400 परत केले. पगार करणाऱ्या मुलीने 94,400 चे 10 टक्के काढले आणि कापले.

पहिली चूक इथेच होती. जीएसटी हा कंपनीचा पैसा नव्हेच, तो सरकारचा. कमिशन देताना तो धरला नव्हता, मग वसूल करताना कसा धरायचा? हिशेब 80,000 वर व्हायला हवा होता, म्हणजे 8,000. फरकाचे 1,440 रुपये त्याचेच होते. पण त्याचा खरा प्रश्न उरलाच: ते 8,000 तरी का?

या वसुलीला कंपन्यांत ‘क्लॉबॅक’ म्हणतात. शब्दात पंजा आणि नखं आहेत, त्यामुळे ऐकूनच ओरबाडल्यासारखं वाटतं. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, उचल. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. पैसे त्याच्या हातात असतात, खर्चही होतात, पण ऊस तोडून ती फिटेपर्यंत त्याची कमाई ठरत नाहीत. वार्षिक करारावरचं आगाऊ कमिशन नेमकं तसंच असतं. फरक इतकाच की ऊसतोड्याला आपण उचल घेतली हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. विक्री प्रतिनिधीला मात्र ते पहिला करार मोडतो तेव्हा कळतं.

कंपनीची वही पाहिली की हे लख्ख दिसतं. डॉक्टरांचे 1,20,000 एप्रिलात बँकेत आले, पण ती कंपनीची त्या महिन्याची कमाई नव्हती. सेवा वर्षभर द्यायची होती, म्हणून दर महिन्याला 10,000 रुपयेच उत्पन्न म्हणून धरायचे. उरलेली रक्कम म्हणजे ग्राहकाचं देणं. मग ज्या विक्रीचं उत्पन्न बारा महिन्यांत पसरतं, तिचं कमिशन तरी एकाच महिन्याच्या खर्चात कसं टाकायचं? 2018 पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेलं ‘इंड एएस 115’ हे हिशेबमानक सांगतं की करार मिळाला म्हणूनच जो जादा खर्च झाला, तो आधी मालमत्ता म्हणून मांडायचा आणि सेवा पुरवली जाईल तसतसा खर्चात न्यायचा. म्हणजे करार झाल्याच्या दिवशी 12,000 चं देणं उभं करायचं, समोर तेवढीच मालमत्ता मांडायची आणि मग दरमहा 1,000 खर्चात टाकायचे.

मानकात एक सवलत आहे. खर्च पसरवण्याचा काळ एक वर्ष किंवा त्याहून कमी असेल, तर तो पसरवत बसू नका, लगेच खर्चात टाका. वार्षिक करार म्हटला की बहुतेक हिशेबनीस ही सवलत डोळे मिटून घेतात. पण पुढच्या वर्षी तोच दवाखाना नूतनीकरण करतो तेव्हा प्रतिनिधीला किती मिळतं, ते आधी पाहावं लागतं. तेव्हाही 10 टक्के मिळत असतील तर ठीक. पण नूतनीकरणाला फक्त 2 टक्के मिळत असतील, तर पहिल्या वर्षाचे 12,000 हे एका वर्षाच्या करारासाठी नव्हते, ग्राहक जितकी वर्षं टिकेल त्या सगळ्या काळासाठी होते. मग तो काळ तीन-चार वर्षांचा निघू शकतो आणि सवलत हातची जाते.

आमच्या दवाखान्याकडे परत येऊ. इथे नूतनीकरणालाही 10 टक्केच होते, तरी मालकांनी सवलत न घेता बारा महिन्यांत खर्च पसरवणं पसंत केलं होतं. जुलैअखेर 4,000 खर्चात गेले होते आणि 8,000 मालमत्तेत उरले होते. करारच मोडल्यावर ती मालमत्ता कशाच्या जोरावर उभी राहणार? तिला दोनच वाटा. प्रतिनिधीकडून वसूल करण्याचा हक्क लेखी असेल, तर ते 8,000 त्याच्याकडून येणं म्हणून दाखवायचे. तसा हक्क नसेल, किंवा माणूस नोकरी सोडून गेला असेल आणि पैसे यायची आशा नसेल, तर तो सगळा त्याच महिन्याचा तोटा.

आठ महिने उरले म्हणून 8,000 मालमत्तेत राहिले, आणि तेवढ्याच आठ महिन्यांचे पैसे परत दिले म्हणून वसुलीही 8,000 च. दोन्ही आकडे जुळतात तेव्हा नियम शहाणपणाने लिहिलेला आहे असं समजावं. काही कंपन्यांत मात्र ‘करार वर्षाच्या आत रद्द झाल्यास संपूर्ण कमिशन परत’ असं लिहिलेलं असतं. तिथे चार महिन्यांचे 40,000 कंपनी ठेवून घेते आणि ते मिळवून देणाऱ्याचे 4,000 ही काढून घेते. हे मला सरळसरळ चुकीचं वाटतं. याच्या उलटही घडतं. ग्राहक सोडून जातो, पण करारात परतावा नसल्याने पैसे कंपनीकडेच राहतात, तरी कोणीतरी ‘रद्द’ हा शब्द पाहून कमिशन कापतं. कात्री लागायला हवी ती परत गेलेल्या पैशाला. रद्द झाल्याच्या तारखेला नव्हे.

चुका बहुतेक वेळा दुष्टपणातून होत नाहीत, त्या दोन वह्यांमधल्या फटीतून होतात. परतावा देताना हिशेब विभाग क्रेडिट नोट काढतो, तर कमिशनचा तक्ता विक्री विभागाच्या एक्सेलमध्ये असतो. दोन्हींत एकच करार क्रमांक नसेल तर कोणता परतावा कोणाच्या विक्रीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कुठेही गेलो की मी दोन याद्या मागतो. एक, वर्षभराच्या क्रेडिट नोटांची आणि दुसरी, ज्या ग्राहकांच्या नावावर न पसरलेलं कमिशन शिल्लक आहे त्यांची. दुसऱ्या यादीत एखादा सोडून गेलेला ग्राहक सापडला की समजायचं, इथे मेलेली मालमत्ता जिवंत दाखवली आहे. या कंपनीत असे तीन दवाखाने निघाले. त्यातल्या एकाने मोठी योजना सोडून लगेच छोटी घेतली होती. कमिशन दोन्हींवर गेलं होतं, वसुली कशावरच नाही.

कराचा गुंता वेगळाच आहे. एप्रिलात त्याला 12,000 पैकी कर कापून समजा साडेनऊ हजार मिळाले. वसुली त्याच आर्थिक वर्षात झाली तर त्याचं करपात्र उत्पन्न 8,000 ने कमी होतं आणि पुढच्या महिन्यांच्या करकपातीत ते आपोआप भरून निघतं. विक्री जानेवारीत आणि रद्द मे मध्ये झालं असतं, तर मधे 31 मार्च आला असता. मग नव्या वर्षाच्या कमिशनमधून वळते करणं हाच सोपा मार्ग. तो नोकरी सोडून गेला असेल तर वळते करायला काहीच उरत नाही. कंपनी पूर्ण 8,000 मागते, आणि त्याच्या हातात त्यातला कर वजा जाऊनच आलेला असतो.

पगारातून किती कापायचं यालाही मर्यादा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आगाऊ रकमेची वसुली करायला परवानगी आहे, पण एका वेतनकाळातली एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. म्हणजे ‘वसुलीचा हिशेब झाला की मग बघू’ म्हणत पगार अडवून ठेवता येत नाही.

या सगळ्यावर जुना उपाय म्हणजे थोडं हातचं राखणं. कमिशनच्या 80 टक्के आत्ता द्यायचे आणि 20 टक्के वर्ष सरल्यावर. एका करारापुरतं पाहिलं तर हे अपुरं वाटतं, कारण राखलेले 2,400 आणि वसुली 8,000. पण प्रतिनिधीने वर्षभरात असे वीस करार केले असतील तर राखीव 48,000 होतात. त्यातले दोन आमच्या दवाखान्यासारखे चौथ्या महिन्यात मोडले तरी 16,000 तिथूनच निघतात आणि पगाराला हात लावावा लागत नाही. म्युच्युअल फंडांत तर हा प्रश्न मुळापासूनच काढला गेला. सेबीने ऑक्टोबर 2018 मध्ये आगाऊ कमिशन बंद करून, गुंतवणूक टिकेल तसं थोडं थोडं कमिशन देण्याचा नियम केला. जे दिलंच नाही ते परत मागायचा प्रश्नच येत नाही. पण सॉफ्टवेअर विकणाऱ्या पोराला दरमहा हजार-हजार दिले तर तो विक्रीसाठी धावेल का, ही मालकांची शंकाही अगदीच खोटी नाही.

मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, “पण डॉक्टरांनी का सोडलं ते माहीत आहे का तुम्हाला?” मला माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या जुन्या रुग्णांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून द्यायचं काम कंपनीचं होतं. जून संपला तरी ते झालं नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी दोन्हीकडे नोंदी करून कंटाळली आणि डॉक्टर वैतागले. विक्रीत खोट नव्हती, खोट नंतरच्या कामात होती. पण त्याच्या नेमणुकीच्या कागदात फक्त ‘ग्राहकाने करार रद्द केल्यास’ एवढंच होतं. का रद्द केला, यासाठी त्यात जागाच नव्हती.

मालकांनी 1,440 सप्टेंबरच्या पगारात परत केले. 8,000 चा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, कागदावर आहे ते आहे. ऑक्टोबरपासूनच्या नव्या कागदात मात्र एक वाक्य आलं, की कंपनीच्या सेवेतल्या चुकीमुळे परतावा द्यावा लागला तर कमिशनची वसुली होणार नाही. कमिशनच्या तक्त्यात करार क्रमांकाशेजारी ‘कारण’ असा नवा रकाना आला. तो कोणी भरायचा, विक्रीवाल्यांनी की सेवावाल्यांनी, यावरून पहिल्याच महिन्यात वाद झाला.