चालू पॉलिसीत नव्या मशीनची भर

कारखान्याच्या आगविम्याची मुदत चालू असताना नवे मशीन आले, तर ते पॉलिसीत घालून घेण्यासाठी विमा कंपनीला अर्ज करावा लागतो. कंपनी मूळ पॉलिसीला जोडपत्र देते, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. हा अर्ज केला नाही, तर नुकसान नव्या मशीनपुरते मर्यादित राहत नाही.

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमधल्या मशीनरीची विमा रक्कम ४० लाख रुपये आहे. तिथे २० लाखांचे सीएनसी लेथ बसले, पण विमा कंपनीला कळवले नाही. आता मशीनरीची खरी किंमत ६० लाख झाली. आग लागून जुन्या मशीनचे १२ लाखांचे नुकसान झाले, तर ॲव्हरेजच्या साध्या हिशेबाने चाळीसास साठ या प्रमाणात भरपाई ८ लाखच मिळते. जुन्या मशीनचा विमा चोख असूनही ४ लाख मालकाच्या अंगावर येतात. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. इथे तूट एक तृतीयांश आहे.

अर्जात पॉलिसी क्रमांक, मशीनचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर, ते बसवल्याची तारीख आणि गाळ्याचा पत्ता द्यावा, सोबत बिल जोडावे. खरी मेख रकमेत आहे. बिल १८ लाख ६० हजारांचे आणि वाहतूक-उभारणीचा खर्च १ लाख ४० हजार असेल, तर विमा २० लाखांचा हवा. क्रेडिट मिळणारा जीएसटी त्यात धरायचा नाही. जुने मशीन देऊन बिलात मिळालेली सूटही वजा करायची नाही, कारण उद्या तसेच नवे मशीन घ्यायला पूर्ण पैसे लागतील. कर्ज असेल तर बँकेचे नावही एंडॉर्समेंटवर यावे.

वाढीव हप्ता उरलेल्या दिवसांपुरताच लागतो. पॉलिसी ३१ मार्चला संपणार असेल आणि संरक्षण १ ऑक्टोबरपासून हवे असेल, तर १८२ दिवस उरतात. दर हजारी दीड रुपया धरला, तर २० लाखांचा वर्षाचा हप्ता ३,००० रुपये होतो. त्यातला या मुदतीचा वाटा १,४९६ रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून १,७६५ रुपये.

एवढ्याशा रकमेचा चेक टेबलावर पडून राहणे हीच नेहमीची चूक. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, त्यामुळे नुसता ईमेल पाठवून भागत नाही. एंडॉर्समेंट हाती आल्यावर लागू होण्याची तारीख, सीरियल नंबर आणि एकूण ६० लाखांची रक्कम ताडून पाहावी. गाळा क्रमांक चुकला असेल, तर त्याच दिवशी दुरुस्ती मागावी.

मशीन ट्रकमधून येताना किंवा क्रेनने उतरवताना झालेले नुकसान यात येत नाही. मोटर आतून जळाली, तर तिच्यासाठीही मशीनरी ब्रेकडाउनचा वेगळा विमा लागतो.