रक्तदानात कुणाचं ३५०, तर कुणाचं ४५० मिली रक्त का घेतात?

रक्तदानाआधी वजन का करतात? कारण शरीरात रक्त किती, याचा अंदाज वजनावरून येतो. प्रौढांमध्ये ते किलोमागे साधारण ७० मिली असतं. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीत सुमारे साडेतीन लिटर. तिच्याकडून ३५० मिली, म्हणजे दहावा हिस्सा घेतला जातो. ४५० मिलीसाठी वजन ५५ किलोच्या वर लागतं. मात्र चरबीत रक्त कमी असल्याने लठ्ठ व्यक्तींना हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही.

रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग म्हणजे पिवळसर प्लाझ्मा. त्यात बहुतांश पाणीच असल्याने तो एक-दोन दिवसांत भरून निघतो. उरलेला भाग मुख्यतः लाल पेशींचा. त्या नव्याने तयार व्हायला अनेक आठवडे लागतात. म्हणूनच पुन्हा रक्तदान करण्यासाठी पुरुषांना तीन, तर महिलांना चार महिने थांबावं लागतं.