हरवलेल्या मुलाचा आजचा चेहरा

समजा, काळभैरीच्या जत्रेत चार वर्षांची एक मुलगी हरवली. दहा वर्षे झाली, पण ती सापडली नाही. घरात तिचा लहानपणीचा एकच फोटो आहे. तो पाहून आज तिला कोण ओळखणार? ती आता चौदा वर्षांची असेल. म्हणून चित्रकार तिचा आजचा चेहरा अंदाजाने काढतो. हे तो कसे करतो?

चार वर्षांच्या मुलाचे डोके आणि डोळे बरेचसे वाढलेले असतात. पुढे जास्त वाढतो तो चेहऱ्याचा खालचा भाग. नाक लांब होते. जबडा खाली आणि पुढे येतो. दुधाचे दात पडून मोठे दात येतात. म्हणून चित्रकार जुना फोटो संगणकावर घेतो आणि डोळ्यांखालचा भाग लांबवतो.

पण किती लांबवायचा? त्यासाठी तो आईबापांचे आणि भावंडांचे चौदाव्या वर्षाच्या सुमाराचे फोटो मागतो. नाक आईसारखे, हनुवटी थोरल्या भावासारखी, असा अंदाज बसतो. कानाची ठेवण आणि जन्मखूण तो तशीच ठेवतो. शेवटी वयाला शोभतील असे केस आणि कपडे घालतो. अमेरिकेत हरवलेल्या मुलांचे एक राष्ट्रीय केंद्र आहे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत तेथे हे चित्र साधारण दर दोन वर्षांनी नवे करतात.

तरीही हा अंदाजच. मुलीने उपास काढले असतील, आजारपण भोगले असेल, ते चित्रकाराला कसे कळावे? चित्राने पाहणाऱ्याची आठवण जागी होते, एवढेच. खरी ओळख आईबापांच्या व मुलाच्या डीएनए तपासणीने पटते.

म्हणूनच असे चित्र पोलिसांमार्फत निघावे लागते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. खऱ्या आवाहनावर पोलीस ठाण्याचे नाव आणि फोन असतो. खबर तेथेच जाते आणि पडताळली जाते. शोधणारा कोण, हेही पोलीस पाहतात. एखादे मूल मारहाणीला भिऊन पळालेले असते. त्याचा ठावठिकाणा मारणाऱ्याच्याच हाती पडला तर?

दुसरा धोका जमावाचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली होती. ती माणसे मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून जगणारी होती.

तेव्हा चित्रासारखे मूल दिसले तर काय करावे? त्याला धरू नये, सोबतच्या माणसाला अडवू नये, फोटो काढून गावभर धाडू नये. जागा, वेळ आणि खुणा लक्षात ठेवाव्यात. मग १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. बाकीची शहानिशा पोलीस करतील.