प्रोस्टेटचा रिपोर्ट: सहा म्हणजे मधला नव्हे आणि दोन सात सारखे नव्हेत



आपल्या वाड्यांतल्या पुरुषांना साठीनंतर लघवीला रात्री चार-पाचदा उठावं लागतं, धार बारीक होते. "वय झालं" म्हणून ते गप्प बसतात. मग कधीतरी रक्तातला पीएसए वाढलेला निघतो, डॉक्टर प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासायला सांगतात आणि आठवड्याभराने इंग्रजीतला रिपोर्ट घरी येतो. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तर त्यात "ग्लीसन स्कोअर" आणि "ग्रेड ग्रुप" असे शब्द असतात. पुढचा जवळजवळ सगळा निर्णय या दोन शब्दांशेजारच्या आकड्यांना धरून होतो. म्हणून ते घरातल्या एकाला तरी वाचता आले पाहिजेत.

बायोप्सीत साधारण 12 ठिकाणांहून सुईने बारीक धाग्यासारखे तुकडे घेतात. पॅथॉलॉजिस्ट ते मेणात बसवतो, पातळ काप काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. तो पेशी मोजत नाही. पेशींची मांडणी किती बिघडली आहे, हे बघतो.

एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. निरोगी प्रोस्टेटमध्ये प्रत्येक घर वेगळं असतं आणि मधोमध मोकळं अंगण असतं. कॅन्सरमध्ये ही रचना मोडते. घरं वेडीवाकडी, दाटीची झाली, पण प्रत्येकाच्या भिंती आणि अंगण अजून वेगळं दिसतं, तर तो नमुना 3. भिंती एकमेकींत मिसळल्या, कुठलं घर कुठे संपतं ते कळेना, तर नमुना 4. घरंच उरली नाहीत, नुसत्या विटा इकडेतिकडे पसरल्या, तर नमुना 5. मांडणी जितकी मोडलेली, तितका कॅन्सर पसरण्याची ओढ जास्त.

ही पद्धत अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातले डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये मांडली. एकाच प्रोस्टेटमध्ये दोन नमुने शेजारी-शेजारी असू शकतात, म्हणून रिपोर्टमध्ये बेरीज लिहितात. पहिला आकडा सर्वांत जास्त जागा व्यापणाऱ्या नमुन्याचा, दुसरा उरलेल्यांपैकी सर्वांत वाईट नमुन्याचा. एकच नमुना असेल तर तोच दोनदा धरतात: 3+3=6.

पहिली गफलत इथेच होते. मूळ पद्धतीत नमुने 1 ते 5 होते. पण सुईच्या तुकड्यांत 1 आणि 2 हे नमुने आता देतच नाहीत. त्यामुळे बायोप्सीत सर्वांत खालचा स्कोअर 6 आणि सर्वांत वरचा 10. घरच्यांना वाटतं, दहापैकी सहा म्हणजे रोग अर्ध्याच्या पुढे गेला. प्रत्यक्षात 6 हा सर्वांत सौम्य.

दुसरी गफलत सातची. 3+4 सुद्धा सात आणि 4+3 सुद्धा सात. पहिल्यात सौम्य भाग जास्त, दुसऱ्यात बिघडलेला भाग जास्त. या दोन गफलती काढण्यासाठी 2014 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी शिकागोत बसून पाच ग्रेड ग्रुप ठरवले, आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते आले. ते असे:

ग्रुप 1: 3+3=6
ग्रुप 2: 3+4=7
ग्रुप 3: 4+3=7
ग्रुप 4: बेरीज 8
ग्रुप 5: बेरीज 9 किंवा 10

दोन सातांत फरक किती? अमेरिका-युरोपातल्या पाच मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन झालेल्या 20 हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. काढलेल्या ग्रंथीत ग्रुप 2 निघालेल्या शंभरांपैकी सुमारे 88 जणांचा पीएसए पाच वर्षांत पुन्हा वाढला नाही. ग्रुप 3 मध्ये हा आकडा सुमारे 63 होता. बेरीज एकच, पण रोग वेगळा.

आता समजा, एकाच वाडीतले दोन शेजारी आहेत. दोघांच्या रिपोर्टवर "सात" आहे. पहिले 67 वर्षांचे, पीएसए 8, बारापैकी तीन तुकड्यांत कॅन्सर, 3+4, त्यात नमुना 4 फक्त दहा टक्के. दुसरे 70 वर्षांचे, पीएसए 14, बारापैकी सात तुकड्यांत कॅन्सर, 4+3, नमुना 4 सत्तर टक्के. पहिल्यांना ऑपरेशन किंवा रेडिएशन सुचवतील. पण रोग इतका थोडा असेल तर डॉक्टर लक्ष ठेवून थांबण्याचाही पर्याय देऊ शकतात. दुसऱ्यांनी थांबू नये. आधी हाडांचा स्कॅन आणि पोटाची तपासणी, मग ऑपरेशन, किंवा रेडिएशनसोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनं. "शेजाऱ्याला काही केलं नाही, मग मला कशाला?" असं दुसऱ्यांनी म्हटलं, तर त्याची किंमत त्यांच्या जिवाला पडेल.

ग्रुप 1 मध्ये उलट चूक होते. कॅन्सर हा शब्द ऐकून घरचे दागिने गहाण टाकतात, "काढूनच टाका" म्हणतात. ऑपरेशननंतर लघवी गळणं, लैंगिक ताकद जाणं हे त्रास मागे राहू शकतात. ग्रुप 1 चा रोग बहुधा वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो. म्हणून त्यात साधारण सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या वेळी एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी, अशी देखरेख करतात. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नाही. तारखा चुकवल्या तर तिचा उपयोग उरत नाही.

रिपोर्टच्या मर्यादाही लक्षात घ्या. सुई सगळ्या ग्रंथीतून फिरत नाही, वाईट भाग तिच्यातून निसटू शकतो. ग्रुप 1 आला, पण पीएसए 20 च्या वर आहे किंवा बोटाच्या तपासणीत टणक गाठ लागते, तर त्या रिपोर्टवर एकट्यावर विसंबू नये. हार्मोनची इंजेक्शनं किंवा अंडकोष काढण्याचं ऑपरेशन आधी झालं असेल, तर पेशींचं रूप बदलतं आणि ग्रेड धरता येत नाही. म्हणून बायोप्सी पाठवताना आधीचे उपचार कागदावर लिहायला सांगा. 3 आणि 4 यांच्या सीमेवर दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं. अशा वेळी काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते दाखवून दुसरं मत घेता येतं, पुन्हा सुई टोचावी लागतेच असं नाही.

आणखी एक घोटाळा वाड्यांत सर्रास होतो. "ग्रेड ग्रुप 4" वाचलं की "चौथी स्टेज" अशी बातमी पसरते. ग्रेड म्हणजे रोगाचा स्वभाव किती आक्रमक. स्टेज म्हणजे तो कुठवर पोचला. ग्रुप 4 असूनही रोग प्रोस्टेटमध्येच असू शकतो आणि तेव्हा बरं करण्याच्या हेतूने उपचार होतात. "चौथी स्टेज, आता काय उरलं" म्हणून त्या माणसाला घरी परत नेलं, तर हाती असलेली वेळ जाते.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा पाच गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या: ग्रेड ग्रुप कितवा, बेरीज कोणत्या दोन आकड्यांची, बारापैकी किती तुकड्यांत कॅन्सर, पीएसए किती, आणि रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का. सांगितलेला उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, दागिने गहाण टाकण्याआधी.