निळ्या ओळीत काय लिहायचं?

मुंबईतलं एक कुटुंब डिसेंबरच्या सुट्टीत मालवणकडे जायचं ठरवतं आणि फोनवर ‘तारकर्ली होमस्टे जेवणासह’ असं शोधतं. गूगलच्या यादीत प्रत्येक वेबसाइटच्या वाट्याला थोडीच जागा येते. मोठ्या निळ्या अक्षरांत एक ओळ आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी. निळी ओळ म्हणजे पानाचं शीर्षक, खालचा मजकूर म्हणजे पानाचं वर्णन. कोणत्या पानावर जायचं, हे माणूस बहुतेक वेळा एवढ्यावरच ठरवतो.

तारकर्लीतला एखादा चार खोल्यांचा घरगुती होमस्टे डोळ्यांपुढे आणू. नाव अमुक होमस्टे. वेबसाइटवर चार पानं आहेत: मुख्य पान, खोल्या आणि दर, जेवण, कसं यावं. साइट बनवणाऱ्याने चारही पानांना एकच शीर्षक दिलं आहे, ‘Home | अमुक होमस्टे’. वर्णनाची जागा रिकामीच आहे. अशा साइट गावोगावी आहेत. मालकाला हे कळत नाही, कारण शीर्षक पानाच्या मजकुरात दिसत नाही. ते ब्राउझरच्या टॅबवर अर्धवट दिसतं आणि शोधयादीत पूर्ण दिसतं.

पानाच्या कोडमध्ये या दोन्ही गोष्टी अशा असतात:

```html
<title>तारकर्लीतला घरगुती होमस्टे, मालवणी जेवणासह | अमुक</title>
<meta name="description" content="समुद्रापासून पाच मिनिटांवर चार खोल्या, दोन एसी. घरचं मालवणी जेवण, शाकाहारीही. कुडाळ स्टेशनवरून गाडीची सोय. दर आणि फोन नंबर पानावर.">
```

कोडला हात लावायची गरज सहसा पडत नाही. वर्डप्रेसवर योस्टसारखं प्लगइन असेल, तर प्रत्येक पानाखाली ‘SEO title’ आणि ‘Meta description’ अशा दोन चौकटी मिळतात. अवघड भाग आहे तो त्यांत काय भरायचं हा.

वरच्या शीर्षकात गावाचं नाव पहिलं आलं, मग धंदा कोणता, मग इतरांपेक्षा वेगळं काय, आणि होमस्टेचं नाव शेवटी. जो आपल्याला ओळखत नाही तो आपल्या नावाने शोधणार नाही, तो गाव आणि गरज लिहून शोधेल. शिवाय जागा संपली की ओळ शेवटून कापली जाते, म्हणून ज्यावाचून चालेल ते शेवटी ठेवावं. उरलेल्या पानांना त्यांची स्वतःची शीर्षकं हवीत: ‘खोल्या आणि दर | अमुक होमस्टे, तारकर्ली’, ‘मालवणी जेवण: रोजचं ताट आणि मासे | अमुक होमस्टे’, ‘कुडाळ किंवा मालवणहून तारकर्लीला कसं यावं | अमुक होमस्टे’. चारही पानांचं शीर्षक एकच असेल, तर कोणत्या पानावर दर आहेत आणि कोणत्या पानावर रस्ता, हे यादी बघणाऱ्याला कळणार कसं?

शीर्षक किती लांब असावं, याची मर्यादा गूगलने घातलेली नाही. कापाकापी पडद्यावरच्या रुंदीप्रमाणे होते. इंग्रजीत पन्नास-साठ अक्षरांचा ठोकताळा सांगतात, पण मराठीत तो जसाच्या तसा लागू होत नाही. ‘तारकर्ली’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र काना, वेलांटी आणि पायमोडका र वेगवेगळे धरून आठ चिन्हं मोजतो. त्यामुळे अक्षरं मोजणारं साधन मराठी शीर्षकाला उगाच लांब ठरवू शकतं. त्यापेक्षा रुंदी दाखवणारा नमुना, म्हणजे प्रिव्ह्यू, बघावा. आणि महत्त्वाचे शब्द ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागात आले, तर शेपूट कापली गेली तरी बिघडत नाही.

‘तारकर्ली होमस्टे, तारकर्ली हॉटेल, तारकर्ली रूम, स्वस्त होमस्टे तारकर्ली’ अशी शब्दांची माळ शीर्षकात ओवायचा सल्ला अजून ऐकू येतो. वाचणाऱ्याला ती जाहिरातीसारखी वाटते, आणि गूगल असं शीर्षक बाजूला ठेवून स्वतःचं बनवू शकतं. २०२१ च्या सप्टेंबरात गूगलने सांगितलं होतं, की पानाला दिलेलं शीर्षक सुमारे ८७ टक्के वेळा वापरलं जातं. उरलेल्या वेळी ते पानावरच्या मोठ्या मथळ्यातून, किंवा दुसऱ्या साइटवरून आलेल्या लिंकच्या शब्दांतून घेतलं जाऊ शकतं. आपल्या मुख्य पानावर सर्वांत मोठ्या अक्षरांत नुसतं ‘सुस्वागतम्’ असेल, तर तेच निळ्या ओळीत जाऊन बसण्याचा धोका आहे. म्हणून पानावरचा मथळाही शीर्षकाशी जुळता ठेवावा. जुनं वर्ष किंवा सरून गेलेली ‘दिवाळी ऑफर’ शीर्षकात राहिली, तरी हीच गत होते.

लिपीचंही तसंच आहे. पान मराठीत आणि शीर्षक रोमन लिपीत असेल, तर गूगल पानाच्या लिपीतलं शीर्षक पसंत करतं. पण बरेच पाहुणे ‘tarkarli homestay’ असंच टाइप करतात. त्यांच्यासाठी इंग्रजी मजकुराचं वेगळं पान करून त्याला इंग्रजी शीर्षक द्यावं. एकाच ओळीत दोन्ही लिप्या कोंबल्या, तर अर्धी जागा वाया जाते.

वर्णनाचा स्वभाव निराळा आहे. ते लिहिल्याने यादीतला क्रमांक वर जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केलं होतं. शिवाय ते दाखवलंच जाईल अशी खात्रीही नाही. कुणी ‘तारकर्ली होमस्टे पार्किंग’ असं शोधलं, तर गूगल पानातलं पार्किंगबद्दलचं वाक्य उचलून खाली दाखवू शकतं. म्हणजे पार्किंगचं ते वाक्य मुळात पानावर हवं. आपलं वर्णन उपयोगी पडतं ते सर्वसाधारण शोधासाठी. त्यामुळे ‘निसर्गरम्य वातावरणात अविस्मरणीय अनुभव’ यात जागा घालवू नये. खोल्या किती, समुद्र किती जवळ, जेवणाला काय, स्टेशनवरून कसं यायचं, एवढं सांगितलं की पाहुण्याचे पहिले प्रश्न सुटतात. ही माहिती पानावरही तशीच असली पाहिजे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. वर्णनात वर्षभर ‘स्कुबाची सोय’ दिसत राहिली, तर जुलैत फोन करणारा चिडूनच ठेवेल.

नकाशासोबत दिसणाऱ्या धंद्यांच्या यादीचा मात्र या दोन ओळींशी थेट संबंध नाही. तिथली नाव-पत्त्याची माहिती गूगल बिझनेस प्रोफाइलमधून येते आणि ती तिथेच सांभाळावी लागते. प्रोफाइलमध्ये धंद्याचं खरं नाव तेवढंच लिहायचं असतं. शीर्षकातलं ‘मालवणी जेवणासह’ तिथे नावाला जोडलं, तर ते नियमात बसत नाही.

बदल केल्यावर दुसऱ्याच दिवशी यादी बघून निराश होऊ नये. गूगलने पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. सध्या काय नोंदलेलं आहे ते बघायला शोधचौकटीत `site:` आणि त्यापुढे जागा न सोडता आपला वेबपत्ता टाइप करावा. परिणाम मोजायला मात्र स्वतःचा फोन कामाचा नाही, कारण ठिकाणाप्रमाणे निकाल बदलतात. त्यासाठी गूगलचं मोफत सर्च कन्सोल आहे. कोणत्या शब्दांना आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे त्यात कळतं. पान पहिल्या चार-पाचांत दिसतंय आणि तरी उघडलं जात नाहीये, तर आधी शीर्षक आणि वर्णन तपासावं. पान तिसाव्या क्रमांकावर असेल, तर दोष या दोन ओळींचा आहे असं मानता येत नाही. तिथे पानावरचा मजकूरच अपुरा आहे का, हे बघावं लागेल.